मराठी कोण कोणाशी बोलतं?

दिवाळे कोळीवाड्यातल्या एखाद्या विद्यार्थिनीने परदेशी गेलेल्या नातलगांच्या मराठीवर प्रकल्प करायचा ठरवला, तर तिच्या प्रश्नावलीत पहिला प्रश्न बहुधा असेल, ‘तुमची मुलं मराठी बोलतात का?’ ‘हो, आमच्या घरी मराठीच चालते,’ असं उत्तर येईल आणि हाती काहीच लागणार नाही. आई मराठीत विचारते आणि मुलगा इंग्रजीत उत्तर देतो, त्या घरातही मराठी ‘चालते’च.

म्हणून प्रश्न जोडीजोडीने विचारावा लागतो. आई मुलाशी कोणत्या भाषेत बोलते, मुलगा आईला कोणत्या भाषेत उत्तर देतो, भावंडं आपसात काय बोलतात, व्हिडिओ कॉलवर आजीशी काय बोलतात? ॲनिक द हौवर या संशोधिकेने बेल्जियममधल्या 1,899 कुटुंबांची पाहणी 2007 साली प्रसिद्ध केली. या प्रत्येक घरात आईवडिलांपैकी निदान एकजण डचखेरीज दुसरी भाषा बोलत होता, तरी सुमारे चौथाई घरांत मुलं ती भाषा बोलत नव्हती. दोघेही पालक घरात तीच भाषा वापरत, तिथे ती सर्वाधिक टिकली होती.

पालकांच्या सांगण्यावर मात्र थांबू नये. मुलाला चित्रं दाखवून गोष्ट सांगायला लावावी आणि ती रेकॉर्ड करावी. मुलीने आंबा खाल्ला, चिंच खाल्ली, केळं खाल्लं, या तीन वाक्यांत क्रियापद फळाच्या लिंगाप्रमाणे बदलतं आणि कर्त्याला ‘ने’ लागतो. मुलगा ‘मुलगी चिंच खाल्ला’ म्हणाला, तर शब्द शाबूत आहेत आणि व्याकरण सैल झालंय, हे कळतं. अमेरिकेत वाढलेल्या हिंदी भाषकांच्या बोलण्यातूनही ‘ने’ असाच गळतो, असं सिल्विना मॉन्ट्रूल आणि सहकाऱ्यांना 2012 साली आढळलं.

इथे एक फसगत होऊ शकते. आगरी-कोळी घरातला मुलगा ‘पानी’ म्हणाला, तर ती भाषेची झीज नव्हे. ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘ल’ त्याच्या आजीच्याही बोलण्यात आहे. तेव्हा तीच चित्रं आईवडिलांनाही दाखवायची आणि मुलाची तुलना शाळेच्या पुस्तकाशी न करता त्यांच्या मराठीशी करायची.

कुटुंबं बाराच असतील तर टक्केवारी काढू नये. ‘12 पैकी 7 घरांत’ असंच लिहावं. सगळी कुटुंबं महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेतून निवडली, तर मराठीसाठी आधीच धडपडणारे पालकच भेटतील. थोरल्या आणि धाकट्या भावंडाची नोंदही वेगवेगळी हवी. थोरलं मूल शाळेत जाऊ लागलं की इंग्रजी घरात आणतं आणि धाकट्याशी त्याच भाषेत खेळतं. त्यामुळे आईवडील तेच, घर तेच, तरी धाकट्याच्या वाट्याला मराठी बरीच कमी येते. मुलाखतीत नेमका हा काळ विचारला, तर त्या घरातली भाषा केव्हा आणि कोणामुळे बदलली, ते सांगता येतं.