चौथ्या चरणातली दोन अक्षरे

हरिपाठ म्हणणाऱ्या घरातल्या कुणालाही छंदशास्त्र विचारले तर ते हात जोडतील. पण चौथा चरण कुठे वळवायचा हे त्यांच्या कानाला पक्के ठाऊक असते. हरिपाठाच्या अभंगात पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चारच अक्षरांचा. माधव जूलियनांच्या ‘छंदोरचने’त या बांधणीला देवद्वार छंद असे नाव आहे. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात जुळते, चौथा मोकळा राहतो. एवढ्याशा रचनेत कानाला ताटकळत ठेवण्याची आणि मग मोकळे करण्याची सगळी सोय आहे. ती कशी चालते हे पाहण्यासाठी एक साधे कडवे रचू या. आधी चारही चरण सारखे ठेवून:

कोरड्या विहिरी
कोरडे रांजण
दाराशी अंगण
तहानले उभे

मोजायचे ते अक्षर. लघु-गुरूचा हिशेब इथे नाही, जोडाक्षर एकच धरायचे आणि ‘रांजण’मधला ‘ण’ बोलताना तुटका आला तरी मोजणीत पूर्ण धरायचा. कडव्यात चूक काही नाही, पण ते चालीत येते आणि चालीतच निघून जाते. आता शेवटची दोन अक्षरे काढून टाकू:

कोरड्या विहिरी
कोरडे रांजण
दाराशी अंगण
तहानले

बदलले ते फक्त ‘उभे’. तरी हे कडवे वेगळे ऐकू येते. पहिल्या चरणाने काहीच ठरत नाही. दुसरा तेवढाच आला की कानाला माप कळते, तिसरा ते माप पक्के करतो आणि वर यमकही जुळवतो. आता चौथाही सहाचाच येणार, असे कानाने मनाशी धरलेले असते. चार अक्षरांवर शब्द थांबतात, ठेका मात्र थांबत नाही. उरलेल्या दोन अक्षरांची जागा तशीच राहते. गाताना ती शेवटच्या स्वराने भरते किंवा टाळाने. नुसते वाचताना तिथे शांतता येते. ‘तहानले’ हा शब्द आपल्यापेक्षा मोठ्या जागेत एकटा उभा राहतो.

हाच शब्द कडव्याच्या डोक्यावर ठेवून पाहा:

तहानले
दाराशी अंगण
कोरडे रांजण
कोरड्या विहिरी

शब्द जवळपास तेच, पण ताण गेला. चार अक्षरे आली तेव्हा कानाकडे मापच नव्हते, त्यामुळे काही कमी पडल्याचे त्याला कळलेच नाही. पहिली ओळ मथळ्यासारखी वाचली जाते आणि पुढच्या तीन ओळी यादीसारख्या. आखूड ओळीने ताण येतो असे सरसकट म्हटले जाते, ते म्हणूनच मला पटत नाही. ओळीच्या लांबीत स्वतःचे असे काही नसते. आधी सवय लावावी लागते आणि ती लावायला निदान दोन सारख्या ओळी खर्चाव्या लागतात.

मराठीत या युक्तीला व्याकरणाची साथ आहे. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. तिसरा चरण संपतो तेव्हा अंगण दाराशी आहे एवढेच कळलेले असते. त्याचे काय झाले ते अजून यायचे असते. म्हणजे कान मापासाठी खोळंबलेला असतो आणि मन वाक्यासाठी. दोन्ही खोळंबे एकाच आखूड चरणावर सुटतात. अर्थ तिसऱ्याच चरणात पुरा झाला तर चौथा शेपटासारखा लोंबतो. आणि तिथे हलका शब्द बसवला तर? ‘दाराशी अंगण, आहे तेथे’ असे म्हणून पाहा. अक्षरे बरोबर चार, पण रिकाम्या जागेत घुमायला काही उरत नाही. नवख्या अभंगरचनेत हा दोष फार दिसतो: मोजणी अचूक आणि चौथ्या चरणात भरताड.

ज्ञानेश्वरीच्या ओवीत हेच तत्त्व थोडे सैल होऊन येते. तिथे अक्षरसंख्या बांधलेली नाही, पण पहिल्या तीन चरणांत यमक असते आणि चौथा सहसा आखूड व बिनयमकाचा असतो. लांबी आणि यमक, दोन्ही एकदम हातचे राखले जातात. जुन्या पोथ्यांत मजकूर सलग लिहिलेला असे. चरण कुठे संपतो हे डोळ्याने नव्हे, कानाने ओळखायचे. मग कानाला पुरेल इतका फरक रचनेतच ठेवणे भाग होते.

एक अडचण मात्र उरतेच. प्रत्येक कडव्यात चौथा चरण चारचाच आला की त्याचीही सवय होते. तिसऱ्या-चौथ्या कडव्यापर्यंत तो धक्का न राहता विसावा होतो. हरिपाठाला तेच हवे आहे, कारण तो रोज आणि अनेकांनी मिळून म्हणायचा असतो. गोष्ट सांगणाऱ्या कवितेला मात्र ही नवी सवयही मोडता येते. आपल्या कडव्याला पुढे आणखी दोन जोडू:

आभाळ भरले
भरून सांडेना
कुणीच बोलेना
ओसरीत

मग एक थेंब
पत्र्यावर आला
दुसरा निघाला
मागोमाग सारे आभाळच

दुसऱ्या कडव्यात चार अक्षरे पुन्हा आली आणि आता तीच अपेक्षा झाली. तिसऱ्या कडव्यात कान चारवर थांबायला तयार असतो. ‘मागोमाग’ला बरोबर चार होतात, पण ओळ थांबत नाही. सहाही ओलांडून ती दहावर जाते. आधीच्या दोन कडव्यांनी दोन-दोन अक्षरे अडवून धरली होती, ती जणू एकदम सुटतात. ऐकणारा अर्थातच मोजत बसत नाही. त्याला एवढेच जाणवते की श्वास सोडायच्या जागी ओळ चालूच राहिली. हे एकदाच करता येते. पुढच्या कडव्यातही दहा अक्षरे आणली तर पाऊस पडायचा थांबतो आणि कवीची हुशारी तेवढी दिसते.

मुक्तछंदात हे सगळे अवघड होते, सोपे नव्हे. कवी अनिलांनी तो मराठीत रुजवला त्याला आता कितीतरी दशके झाली, तरी तिथे ओळ हवी तिथे तोडता येते असा समज आहे. अभंगाचे माप परंपरेने कानात आधीच भरलेले असते. मुक्तछंदात ते त्या कवितेनेच, तिथल्या तिथे, तयार करावे लागते. जसे:

दार वाजले.
उठली.
कडी काढली.
बाहेर रात्रपाळीहून परतणाऱ्या सायकलींची लांबच लांब रांग, कुणीही न थांबणारी

तीन तुटक ओळींनी श्वास आखडतो. प्रत्येकीला पूर्णविराम आहे, म्हणून अडखळल्यासारखे होते. चौथी ओळ तो श्वास एकदम सोडते, आणि सोडता सोडता जिची वाट पाहिली ती व्यक्ती आलेली नाही हेही सांगून जाते. हीच लांब ओळ चार तुकड्यांत छापली तर पानावर कविता अधिक ‘कवितेसारखी’ दिसेल, पण सातही ओळी आखूड झाल्यावर सुटका कुठेच होणार नाही. फक्त ‘कुणीही न थांबणारी’ एवढेच खाली घेतले तर निराळी गोष्ट घडते: रांग आधी वाहून जाते आणि निराशा स्वतंत्रपणे, उशिरा येऊन आदळते. मी ते एकाच ओळीत ठेवले, कारण दार उघडणारीला ते सायकली बघता बघताच कळले असणार.