पीयूसीतले दोन आकडे

नारायणगाव, मंचर किंवा ओतूरमध्ये दुचाकी पीयूसीत नापास झाली की मालक थेट गॅरेज गाठतो आणि "कार्बोरेटर बघ" एवढंच सांगतो. यंत्रावर आलेले आकडे तो सांगतच नाही. खरं तर बिघाड कुठे आहे, याचा अर्धा पत्ता त्यांतच असतो.

2000 नंतरच्या आणि भारत स्टेज चारच्या आधीच्या फोर-स्ट्रोक दुचाकीला दोन मर्यादा आहेत. गाडी स्लोवर असताना धुरात कार्बन मोनॉक्साइड 3.5 टक्क्यांच्या आत आणि हायड्रोकार्बन 4500 पीपीएमच्या आत हवा. पहिला आकडा वाढला तर हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातंय. दुसरा वाढला तर पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय.

समजा, आणे पठारावरून आळेफाट्याला दूध आणणारी 2012 ची शंभर सीसी गाडी आहे. कार्बन मोनॉक्साइड आलं 5.2, हायड्रोकार्बन 2900. म्हणजे ठिणगी ठीक आहे, हवा कमी पडतेय. आधी चोक पूर्ण बंद होतोय का ते पाहावं. थंडीत ओढलेला चोक अर्धवट अडकून राहतो. मग एअर फिल्टर. शेतरस्त्याच्या धुळीने तो महिन्याभरातही चोंदू शकतो. हे दोन्ही झाल्याशिवाय स्क्रूला हात लावू नये, नाहीतर चोंदलेल्या फिल्टरवर बेतलेलं सेटिंग नवा फिल्टर टाकताच बिघडतं.

आता स्क्रू. इंजिन चांगलं तापलेलं हवं. थंड गाडीचे आकडे फसवे येतात. स्क्रू इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोल सोडतो, आत फिरवला की मिश्रण पातळ होतं. फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, तिथे उलटं चालतं. पाव-पाव फेरा फिरवून थांबावं, स्लो पुन्हा जागेवर आणावा आणि यंत्र पाहावं.

इथेच घाईत घोटाळा होतो. पहिला आकडा 0.6 वर आणण्याच्या नादात मिश्रण इतकं पातळ होतं की गाडी मिसिंग करते, आणि न जळलेल्या पेट्रोलमुळे दुसरा आकडा 5000 च्या वर जातो. त्यापेक्षा 2 ते 2.5 वर सोडलेली गाडी पासही होते आणि नीट चालतेही.

पहिला आकडा मर्यादेत आणि फक्त हायड्रोकार्बन जास्त असेल, तर आधी प्लग बदलावा आणि टॅपेट तपासावेत. टॅपेट फार घट्ट असले की वाल्व पूर्ण बसत नाही. एप्रिल 2020 पासूनच्या भारत स्टेज सहाच्या इंजेक्शनच्या गाड्यांना हा स्क्रूच नाही, शिवाय त्यांची मर्यादाही कडक आहे. तिथे सेन्सर तपासावे लागतात. आणि निळसर धूर दिसत असेल तर रिंगा झिजून ऑइल जळतंय. मग ट्यूनिंगवर पैसे घालवू नयेत, इंजिनच उघडावं लागतं.