१ जीबीपीएसचा प्लॅन, पण स्पीड २७० च्या पुढे जात नाही? आधी राउटरचा प्रोसेसर तपासा

आज एक असा खर्च बघू, जो दर महिन्याला होतो पण त्याचा पूर्ण मोबदला मिळत नाहीये हे आपल्या लक्षातच येत नाही. मी स्वतः तो चार महिने केलाय.

माझं अल्बम प्रिंटिंगचं दुकान आहे. लग्नसराईत फोटोग्राफर ४०-४० जीबीचे फोल्डर लिंकवर पाठवतात. १०० एमबीपीएसवर भागेना म्हणून १ जीबीपीएसचा प्लॅन घेतला. प्रिंटिंगचा कॉम्प्युटर राउटरला केबलने जोडलेला आहे, तरी स्पीड टेस्ट २७० च्या वर जाईना. मी कंपनीला दोनदा फोन करून झापलं. शेवटी लाईनमन आला, त्याने राउटरची केबल काढून थेट स्वतःच्या लॅपटॉपला लावली आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. ९३० एमबीपीएस! म्हणाला, "दादा, लाईन ओके आहे. तुमचा राउटरच दमतोय."

राउटर दमतो म्हणजे काय होतं?

इंटरनेटवरचा डेटा छोट्या-छोट्या पाकिटांतून येतो, त्यांना पॅकेट म्हणतात. दुकानात पाच-सहा मशीन असतात, पण बाहेरून पत्ता एकच असतो. म्हणून प्रत्येक पॅकेट उघडून ते कोणत्या मशीनचं आहे हे बघायचं, पत्ता बदलायचा आणि पुढे ढकलायचं, हे काम राउटर करतो. याला नॅट म्हणतात. युजरनेम-पासवर्डचं कनेक्शन असेल तर प्रत्येक पॅकेटवर पीपीपीओईचं एक वेष्टणही असतं, तेही काढावं लागतं.

पूर्ण १ जीबीपीएस चालू असताना मोठ्या आकाराची पॅकेटं सेकंदाला साधारण ८१ हजार येतात. म्हणजे एका पॅकेटला जेमतेम १२ मायक्रोसेकंद मिळतात. स्वस्त राउटरच्या प्रोसेसरला हे जमत नाही. म्हणून बऱ्याच राउटरमध्ये एक शॉर्टकट दिलेला असतो. नव्या कनेक्शनची पहिली काही पॅकेटं प्रोसेसर बघतो आणि पुढची सगळी एका वेगळ्या सर्किटकडे सोपवतो. सेटिंगमध्ये याचं नाव `Hardware NAT`, `NAT Acceleration` किंवा `NAT Boost` असं काहीतरी दिसतं. हा शॉर्टकट चालू असेल तर साधा राउटरही ९०० च्या आसपास पोचतो.

गोची इथेच आहे. `QoS`, प्रत्येक मोबाईलला ठरावीक स्पीड देणं, कोण किती डेटा वापरतं ते मोजणं, अशा कामांसाठी प्रत्येक पॅकेट प्रोसेसरनेच बघावं लागतं. त्यामुळे बऱ्याच राउटरमध्ये यातलं काहीही चालू केलं की शॉर्टकट आपोआप बंद होतो, आणि तसं कुठे सांगितलंही जात नाही. मी तीन वर्षांपूर्वी बिलिंगचा कॉम्प्युटर अडकू नये म्हणून क्यूओएस चालू केलं होतं. १०० एमबीपीएसला प्रोसेसर पुरत होता, म्हणून कधी जाणवलं नाही.

तुम्ही कसं तपासाल? याच क्रमाने करा.

१. वायफायवर टेस्ट करू नका, केबल लावा. विंडोजमध्ये `Ethernet` च्या पानावर `Link speed` बघा. तिथे 1000/1000 पाहिजे. 100/100 दिसलं तर केबलची एखादी तार तुटलेली आहे किंवा पोर्टच १०० चं आहे. अशा वेळी स्पीड ९४ च्या आसपास अडकतो, आणि त्यात प्रोसेसरचा दोष नसतो. अजून एक फसवणूक म्हणजे यूएसबी २.० चं लॅन अॅडॉप्टर. त्यावर गिगाबिट छापलेलं असलं तरी ते ३०० च्या आसपासच थांबतं, आणि आपण उगाच राउटरला दोष देतो.

२. आता राउटर बाजूला ठेवून लॅपटॉप थेट फायबरच्या डब्याला लावा. डबा ब्रिज मोडमध्ये असेल तर लॅपटॉपवर पीपीपीओई कनेक्शन बनवून तुमचं युजरनेम-पासवर्ड टाकावं लागेल. लॉगिन झालं नाही तर कंपनीला फोन करा, काही ठिकाणी जुन्या राउटरचा मॅक अॅड्रेस बांधलेला असतो. विंडोजची फायरवॉल चालू ठेवा आणि टेस्ट झाली की केबल काढा. इथेही स्पीड कमीच आला तर तक्रार कंपनीकडे. इथे ९०० च्या वर आणि राउटरमधून ३००, तर अडचण राउटरमध्ये आहे.

३. स्पीड टेस्ट चालू असतानाच राउटरचं सेटिंगचं पान उघडा. पान अडकत असेल, किंवा `CPU` चा आकडा १०० ला टेकत असेल, तर चोर सापडला. पण एक लक्षात ठेवा, दोन कोरच्या राउटरमध्ये आकडा ५० दिसला तरी एक कोर पूर्ण भरलेला असू शकतो. पीपीपीओईचं काम बऱ्याचदा एकाच कोरवर पडतं.

४. क्यूओएस आणि मोजणीची फीचर्स बंद करा, `Hardware NAT` चालू करा, राउटर रीस्टार्ट करून पुन्हा टेस्ट घ्या.

माझ्याकडे चौथ्या पायरीवर आकडा २७० वरून ८९० झाला. खर्च शून्य. समोरचा सर्व्हर तेवढ्या वेगाने देत असेल तेव्हा ४० जीबीचा फोल्डर २० मिनिटांऐवजी ६ मिनिटांत उतरायला लागला. क्यूओएस बंद करून बिलिंगही अडकलं नाही, कारण लाईन आता एवढी मोठी आहे की ती क्वचितच भरते.

मग नवीन राउटर कधी घ्यायचा?

मी तेव्हा घेतला नाही. घेतला तो सहा महिन्यांनी. दुसरी शाखा सुरू झाली, तिथले ऑर्डर इथल्या कॉम्प्युटरवर यावेत म्हणून राउटरमध्येच व्हीपीएन लावलं. व्हीपीएनचं एन्क्रिप्शन जुना प्रोसेसरच करायचा, म्हणून फाईल ४०-५० एमबीपीएसनेच सरकायची, आणि ती जाताना दुकानातलं बाकी सगळंही लटकायचं. आता सेटिंग बदलून सुटका नव्हती.

म्हणजे बदलायची वेळ आल्याच्या खुणा तीन. शॉर्टकट चालू असूनही केबलवर प्लॅनच्या निम्माच स्पीड येतो. किंवा धंद्याला खरोखर लागणारं फीचर चालू केलं की स्पीड कोसळतो. किंवा त्या मॉडेलला कंपनीने सिक्युरिटी अपडेट देणं बंद केलंय. मग स्पीड चांगला असला तरी दुकानाच्या नेटवर्कला तो ठेवू नये.

घेताना बॉक्सवरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. AC1200 म्हणजे वायफायच्या दोन बँडची बेरीज, ३०० आणि ८६७. इंटरनेटच्या पोर्टमधून किती स्पीड जातो ते त्यात नसतंच. दुकानदाराला विचारा, "पीपीपीओईवर किती देतो? क्यूओएस किंवा व्हीपीएन चालू करून किती?" उत्तर मिळालं नाही तर परत घ्यायची अट लिहून घ्या आणि वरच्या चार पायऱ्या पहिल्याच दिवशी करा.

आणि धंद्याचा हिशोब म्हणून एक. दुकानात फक्त बिलिंग, यूपीआय आणि दोन-चार कॅमेरे असतील, तर राउटर बदलण्याआधी प्लॅन कमी करून बघा. २०० एमबीपीएसला जुना राउटर आरामात पुरेल, आणि वाचलेले पैसे दर महिन्याला वाचतील.