महाबळेश्वरची तारीख पुढे ढकला, नाहीतर वाईवरून जा

अंधेरी-मुलुंडमध्ये ऊन पडलं म्हणजे महाबळेश्वरच्या वाटेवरचा पोलादपूरचा आंबेनळी घाटही सुरक्षित, असं नसतं. निघायचं की नाही हे घाटात आधीचे दोन-तीन दिवस किती पाऊस पडला यावर ठरवावं. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात सुमारे 600 मिमी पाऊस झाला, दरडींनी हा घाट बंद पडला. माती पाण्याने भरली की कातळावरची तिची पकड सुटते, आणि मुरलेलं पाणी पाऊस थांबला तरी लगेच निचरत नाही. म्हणून उघडीप मिळाल्यावरही दोन दिवस थांबावं. हवामान खात्याचा इशारा बघताना ‘सातारा घाट’ आणि ‘रायगड’ हे दोन्ही बघा, कारण आंबेनळीचा रस्ता दोन्हींमधून जातो.

‘हॉटेलचे पैसे भरलेत, रजा टाकलीय’ ही अडचण खरीच आहे. म्हणूनच बुकिंग तारीख बदलता येईल असं घ्यावं. तारीख हलत नसेल तर एक्स्प्रेसवे, पुणे, वाई, पसरणी घाट, पाचगणी असं जा. पसरणीही घाटच, तिथेही दरड येऊ शकते. पण तो पर्जन्यछायेकडे असल्याने पाऊस बराच कमी. मॅपवर रस्ता मोकळा दिसला तरी निघण्याआधी पोलिसांकडे चौकशी कराच. वाटेत डोंगरातून अचानक गढूळ पाणी किंवा सुटे दगड येताना दिसले, तर तिथूनच मागे फिरा.