फुकट पाणी-तपासणी: मजकूर काय लिहावा

सोसायटीच्या जिन्याखाली टेबल मांडलेलं असतं. विक्रेता दोन ग्लास भरतो, एकात नळाचं पाणी आणि दुसऱ्यात आरओ मशिनमधलं. दोन्हींत धातूच्या कांड्या असलेलं यंत्र बुडवतो आणि बटण दाबतो. बघता बघता नळाचं पाणी पिवळं पडतं, मग गढूळ तपकिरी होतं आणि वर फेस जमतो. आरओचं पाणी जवळजवळ तसंच राहतं. “बघा ताई, मुलांना हे पाजता तुम्ही,” असं तो म्हणतो आणि त्या संध्याकाळी दोन-चार मशिनं विकली जातात.

पाणी-तपासणीच्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून या प्रयोगाचा मला फार राग येतो. तो तपकिरी गाळ पाण्यात आधीपासून नसतो. यंत्रातली एक कांडी लोखंडाची असते. पाण्यात क्षार विरघळलेले असले की त्यातून वीज वाहते, लोखंड झिजून पाण्यात उतरतं आणि त्याचा गंज दिसायला लागतो. आरओच्या पाण्यातले क्षार काढलेले असल्यामुळे त्यातून वीज फारशी जात नाही आणि रंग बदलत नाही. याची खात्री करायची असेल तर विक्रेत्याला त्याच्याच आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकून यंत्र पुन्हा लावायला सांगा. तेही पाणी तपकिरी होईल. (घरी स्वतः हा प्रयोग करू नका, ही यंत्रं थेट घरातल्या विजेवर चालतात.)

ग्राहकाशी पहिली ओळख व्हावी म्हणून काहीतरी उपयोगाचं फुकट द्यायचं आणि त्याबदल्यात त्याचा फोन नंबर किंवा भेट मिळवायची, याला विक्रीच्या धंद्यात ‘लीड मॅग्नेट’ म्हणतात. मोफत तपासणी आणि चेकलिस्ट हे त्याचे सर्रास आढळणारे प्रकार. यात मुळात गैर काही नाही. तपासणीचं नाव काय, ती काय सांगते आणि कशाबद्दल काहीच सांगत नाही, हे आधी कळवलं की ग्राहक फसत नाही.

गेल्या वर्षी नाशिकमधला ओळखीचा एक तरुण माझ्याकडे आला. तो फिल्टर विकतो, त्यांची देखभाल करतो आणि टाक्या धुण्याची कामंही घेतो. सोसायट्यांच्या सेक्रेटरींना पाठवायचा मेसेज त्याने लिहून आणला होता: ‘मोफत वॉटर ऑडिट! तुमचं पाणी सुरक्षित आहे का? फक्त पहिल्या 10 सोसायट्यांसाठी!’ मी विचारलं, ऑडिटमध्ये काय करणार? म्हणाला, “सर, टीडीएस मीटर लावणार.”

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचं, मुख्यतः क्षारांचं प्रमाण. मीटर पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजतो आणि त्यावरून आकडा दाखवतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस 10500 मध्ये, लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंतचा टीडीएस स्वीकारार्ह मानला आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतला आहे. पण जुलाब आणि कावीळ पसरवणारे जंतू या मीटरला दिसत नाहीत. 90 टीडीएसच्या गोड पाण्यात गटाराचं पाणी मिसळलं तरी आकडा फारसा हलणार नाही. म्हणून नुसत्या मीटरच्या आकड्याला ‘सुरक्षित’ किंवा ‘असुरक्षित’ म्हणणं खोटं आहे आणि त्याला ‘ऑडिट’ हे नाव देणं तर त्याहून खोटं आहे.

मी त्याला आणखी दोन साध्या चाचण्या जोडायला सांगितल्या. एक क्लोरीनची. नळाच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकले की पिवळा रंग येतो, तो रंगपट्टीशी जुळवायचा. मानकाप्रमाणे लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवा. दुसरी एचटूएस बाटलीची. बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरून ती उबदार जागी ठेवायची. पाणी काळं पडलं तर त्यात मैलापाणी मिसळत असल्याची शंका घ्यायची. निकालाला एक ते दोन दिवस लागतात आणि नाशिकच्या थंडीत बाटली उघड्यावर ठेवली तर त्याहून जास्त. या चाचणीलाही मर्यादा आहेत. काही बोअरच्या पाण्यात मुळातच गंधकाचा अंश असतो, तिथे ती उगाच काळी पडते. आणि ती काळी पडली नाही म्हणून पाणी निर्धोक ठरत नाही. पक्का निकाल प्रयोगशाळेचाच.

मग आम्ही मेसेज नव्याने लिहिला.

‘नमस्कार. मी पाण्याचे फिल्टर विकतो आणि टाक्या धुण्याची कामं घेतो. तुमच्या सोसायटीत येऊन तीन ठिकाणच्या पाण्याची प्राथमिक तपासणी विनामूल्य करीन: टीडीएस, क्लोरीन आणि जंतूंची शंका दाखवणारी बाटली. पाऊण तास लागेल, बाटलीचा निकाल दोन दिवसांनी कळवीन. ही प्रयोगशाळेची तपासणी नाही. आर्सेनिक, नायट्रेट, कीटकनाशकं यात कळत नाहीत. टीडीएस 500 च्या आत असेल तर आरओ घ्या असं मी सांगणार नाही. आकडे लेखी देईन, काम कोणाकडूनही करून घ्या. तुमचा नंबर फक्त निकाल कळवण्यासाठी वापरीन.’

‘पहिल्या 10 सोसायट्या’ काढून टाकल्या, कारण अकराव्या सोसायटीला तो नाही म्हणणार नव्हता. खोटी घाई दाखवणं हे केंद्र सरकारच्या 2023 च्या डार्क पॅटर्नविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांत फसवणुकीचा प्रकार म्हणून नोंदलेलं आहे. ‘मोफत’ या शब्दाबद्दलही 2022 च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्धच्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट लिहिलं आहे. त्या मोफत गोष्टीसाठी ग्राहकाला स्वतःला किती बांधून घ्यावं लागेल, हे जाहिरातीत कळलं पाहिजे. तपासणी फुकट, पण आधी तासभर मशिनचं प्रात्यक्षिक बघायचं असेल, तर ते आधीच सांगायला हवं.

त्याला भीती होती की इतकं सगळं लिहिलं तर कोणी बोलावणारच नाही. पहिलं बोलावणं 48 फ्लॅटच्या एका सोसायटीतून आलं. महापालिकेच्या नळाला टीडीएस 110 आणि क्लोरीन 0.3. गच्चीवरच्या टाकीत मात्र टीडीएस 420 आणि क्लोरीन शून्य, कारण टाकीत बोअरचं पाणी मिसळत होतं. स्वयंपाकघरातल्या नळाच्या पाण्याची बाटली तीस तासांत काळी पडली, थेट महापालिकेच्या नळाची नाही. टाकीचं झाकण तुटलेलं होतं आणि ओव्हरफ्लोच्या पाइपाला जाळी नव्हती. दोष टाकीत होता. तिथे 48 आरओ विकणं त्याला सहज जमलं असतं, आणि जवळपास प्रत्येक मशिनने एक लिटर शुद्ध पाण्यासाठी दोन-तीन लिटर पाणी मोरीत सोडलं असतं. त्याने लिहून दिलं की टाकी धुवा, झाकण बदला, जाळी बसवा, पिण्यासाठी बोअरचं पाणी वेगळं ठेवा आणि नंतर जिल्हा प्रयोगशाळेत नमुना द्या.

बरोबर त्याने टाकीची एक पानी चेकलिस्ट ठेवली होती. तिचा पहिला मसुदा मी परत केला होता, कारण प्रत्येक मुद्दा ‘आमच्या तज्ज्ञांना बोलवा’ वर संपत होता. चेकलिस्ट ग्राहकाला एकट्याने वापरता आली पाहिजे. नव्या पानावर वॉचमनलाही कळेल असं लिहिलं: झाकण घट्ट बसतं का, ओव्हरफ्लोला जाळी आहे का, टाकी शेवटची कोणत्या तारखेला धुतली, जमिनीखालच्या टाकीजवळून ड्रेनेजची लाइन जाते का, पाण्याला क्लोरीनचा वास येतो का. त्याचा नंबर पानाच्या तळाशी, एकदाच.

सोसायटीने टाकी धुण्याचं काम दुसऱ्याच माणसाला दिलं, तो स्वस्त पडला. दोन महिन्यांनी त्याच सेक्रेटरींनी शेजारच्या बंगल्यातल्या आजोबांना याचा नंबर दिला. त्यांच्या बोअरचा टीडीएस 1400 निघाला, आणि तिथे त्याने आरओ बसवला.