तीन ओळी, पाच सेकंद

इन्स्टाग्रामच्या स्टोरीत चित्राची एक स्लाइड साधारण पाच सेकंद दिसते आणि आपोआप पुढे सरकते. बोट दाबून धरलं तर ती थांबते. पण थांबून वाचावंसं वाटायलाही त्या पाच सेकंदांत काहीतरी वाचून झालेलं असावं लागतं. वसाहतीची सूचना, मंडळाचा कार्यक्रम, वाचनालयाची बदललेली वेळ हे सगळं आता याच पाच सेकंदांत सांगायचं असतं. पुष्कळदा मात्र सूचनाफलकावरचा मजकूर उचलून जसाच्या तसा चित्रावर चिकटवला जातो. फलकासमोर माणूस उभा राहून वाचतो. स्टोरीसमोर तो अंगठा पुढे सरकवण्याच्या तयारीत असतो.

असा एक मजकूर घेऊ. आपल्याकडे तो दरवर्षी कुठे ना कुठे लागतोच:

‘सर्व रहिवाशांना कळविण्यात अत्यंत आनंद होतो की, प्रतिवर्षीप्रमाणे यंदाही आपल्या मंडळाच्या वतीने रविवार, दि. १४ जून रोजी सकाळी ९ ते दुपारी २ या वेळेत समाजमंदिर येथे भव्य रक्तदान शिबिराचे आयोजन करण्यात आले आहे. तरी सर्वांनी बहुसंख्येने उपस्थित राहून सहकार्य करावे, ही नम्र विनंती.’

शब्द ४३. मोठ्याने वाचून पाहा, पाच सेकंदांत आपण जेमतेम ‘मंडळाच्या वतीने’पर्यंत पोहोचतो. रक्तदान हा शब्द अजून आलेलाच नसतो.

काटछाट करताना कुठला शब्द काढू, असं विचारत बसलं तर प्रत्येकच शब्द हवासा वाटतो. त्यापेक्षा वाचणाऱ्याला आधी ठाऊक नसलेलं आणि दुसरीकडून न कळणारं काय आहे, तेवढ्यावर खूण करावी. इथे चारच गोष्टी उरतात: रक्तदान, रविवार १४ जून, नऊ ते दोन आणि समाजमंदिर. मंडळाचं नाव स्टोरीच्या वरच्या कडेला खात्याच्या नावात दिसतंच. ‘सर्व रहिवाशांना’ म्हणायची गरज नाही, कारण पाहणारा रहिवासीच आहे. ‘आयोजन करण्यात आले आहे’ हे चार शब्द तारीख-वेळ दिली की आपोआप कळतात. आनंद, भव्यता आणि नम्र विनंती छापील पत्रिकेत शोभतात, त्यांना तिथेच राहू द्यावं.

उरलेलं ओळींत मांडलं की पहिला खर्डा असा होतो:

रक्तदान शिबिर
रविवार, १४ जून, सकाळी ९ ते दुपारी २
समाजमंदिर

अर्थ पुरा आहे, पण मधली ओळ पडद्यात मावत नाही. स्टोरीचं चित्र १०८० पिक्सेल रुंद आणि १९२० पिक्सेल उंच असतं. दोन्ही बाजूंना ९० पिक्सेल सोडले तर ओळीसाठी ९०० उरतात. ९० पिक्सेलचा ठसठशीत टाइप घेतला तर त्यात मोकळ्या जागा धरून साधारण पंधरा-सोळा अक्षरं बसतात. हा आकडा फाँटनुसार थोडा बदलतो. मधली ओळ याहून बरीच लांब आहे. मग अ‍ॅप ती मोडतं आणि तिचा शेवट तिसऱ्या ओळीवर जाऊन पडतो, किंवा आपण टाइप लहान करतो आणि ज्येष्ठ मंडळींना ती ओळ वाचता येत नाही.

टाइप लहान करण्याऐवजी मजकूर वाटून द्यावा. वार पहिल्या ओळीत नेला की मधलीचा भार उतरतो. ‘सकाळी ९ ते २’ म्हटल्यावर दोन दुपारचेच असणार, म्हणून ‘दुपारी’ही गळतो. ‘शिबिर’ऐवजी क्रियापद घेतलं तर काय होणार आहे आणि आपण काय करायचं, हे दोन्ही एकाच ओळीत येतं. वाचलेल्या जागेत मूळ मजकुरात नसलेली, पण दारात आल्यावर हमखास विचारली जाणारी गोष्ट घालता येते: समाजमंदिरात नेमकं कुठे?

रविवारी रक्तदान करा
१४ जून, सकाळी ९ ते २
समाजमंदिर, तळमजला

शब्द अकरा. अक्षरं आणि अंक मोजले तर ओळींत अनुक्रमे दहा, दहा आणि अकरा. प्रत्येक ओळ एका प्रश्नाचं पूर्ण उत्तर देते: काय, कधी, कुठे. ओळ कुठे तोडायची हे अ‍ॅपवर सोडू नये, एंटर आपणच द्यावा. ‘रविवारी रक्तदान’ वर आणि ‘करा १४ जून’ खाली गेलं, तर तेच अकरा शब्द अडखळत वाचावे लागतात.

शनिवारी स्टोरी टाकणाऱ्याला ‘उद्या रक्तदान’ लिहिण्याचा मोह होतो, कारण शब्द छोटा आहे. पण स्टोरी २४ तास राहते. शनिवारी रात्री दहाला टाकलेली स्टोरी कुणी रविवारी सकाळी आठला उघडली, तर त्याच्या हिशेबाने शिबिर सोमवारी होतं. म्हणून ‘आज’, ‘उद्या’ टाळून वार आणि तारीख ठेवावी.

आता या ओळी चित्रावर बसवू. वरचे सुमारे २५० आणि खालचे सुमारे ३४० पिक्सेल मोकळे ठेवावेत. वर खात्याचं नाव येतं, खाली उत्तर पाठवण्याची चौकट. देवनागरीला दोन ओळींमध्ये अंतरही अधिक लागतं. आपल्या तीन ओळींत ‘जून’चा ऊकार खाली लोंबतो आणि त्याखालच्या ओळीत ‘मंदिर’चा अनुस्वार आणि वेलांटी वर येतात. अंतर कमी असेल तर ते एकमेकांना भिडतात. टाइपच्या दीडपट अंतर ठेवलं, म्हणजे ९० पिक्सेलला १३५, की ओळी सुट्या दिसतात. उलट अक्षरांमधलं अंतर वाढवू नये, कारण त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसू लागतात.

रक्तदात्याच्या अटीही सांगायच्या असतात. त्यांना चौथी ओळ न देता दुसरी स्लाइड द्यावी. मात्र इथे काटछाटीची मर्यादा लागते. नियमानुसार रक्तदात्याचं वय १८ ते ६५ आणि वजन किमान ४५ किलो असावं लागतं, पण पहिल्यांदाच रक्त देणाऱ्याचं वय ६० पेक्षा जास्त चालत नाही. नुसतं ‘वय १८ ते ६५’ लिहिलं तर ओळ सुटसुटीत होते, पण ६२ वर्षांचा नवा दाता शिबिरापर्यंत येऊन परत जातो. अपवादाची सगळी वाक्यंही मावत नाहीत. मग अपवाद आहे एवढं तरी ओळीतून कळलं पाहिजे:

वय १८ ते ६०
वजन किमान ४५ किलो
साठीपुढे? आधी विचारा

विचारायला खालची चौकट आहेच. हिमोग्लोबिन शिबिरातच तपासतात, म्हणून त्याचा आकडा इथे नसला तरी कुणाची फेरी वाया जाण्याचं कारण तो ठरत नाही असं नाही, पण घरबसल्या तो बहुतेकांना माहीतही नसतो. वय आणि वजन मात्र प्रत्येकाला ठाऊक असतं. घरीच ठरवता येईल तेवढंच स्लाइडवर ठेवावं.

शेवटची तपासणी माणसावर करावी, आणि ती स्लाइड टाकण्याआधी. शिबिराची काहीच माहिती नसलेल्या कुणाला तरी, शक्यतो चश्मा लागणाऱ्या व्यक्तीला, फोन हातभर अंतरावरून पाच सेकंद दाखवावा आणि खाली घ्यावा. मग काय, कधी, कुठे एवढंच विचारावं. ‘रविवारी आहे, पण किती वाजता?’ असं उत्तर आलं तर दुसरी ओळ पुन्हा लिहायची. ‘कुठे ते दिसलं नाही’ म्हटलं तर बहुधा शब्द ठीक असतात, पण मागच्या फोटोत तिसरी ओळ हरवलेली असते. अशा वेळी ओळींमागे गडद पट्टी टाकावी. तिन्ही उत्तरं न अडखळता आली की स्लाइड टाकायला हरकत नाही.