काचेवरून नाहीसा होणारा दिवा

टेबलाची काच, तिच्याखाली काळा कागद, पलीकडे एक दिवा आणि नाकावर पोलराइज्ड गॉगल. एवढ्यावर हा प्रयोग होतो. काचेवर जिथे दिव्याचं प्रतिबिंब दिसतं, त्या ठिकाणापासून डोळा ६० सेंटीमीटर दूर आणि काचेपासून ४० सेंटीमीटर उंच ठेवायचा. दिवाही पलीकडे तेवढाच दूर, तेवढाच उंच. प्रतिबिंब जवळजवळ नाहीसं होतं. गॉगल काढून काटकोनात फिरवून धरला, की ते पुन्हा हजर!

साठ भागिले चाळीस म्हणजे दीड, आणि साध्या काचेचा अपवर्तनांकही दीडच. हा योगायोग नाही. ज्या कोनाचा टॅन्जंट अपवर्तनांकाएवढा असतो, त्या कोनाला हे घडतं, हा नियम डेव्हिड ब्रूस्टरने १८१५ साली मांडला. काचेसाठी तो कोन सुमारे ५६ अंश, पण पृष्ठभागापासून नव्हे, लंबापासून मोजलेला. बहुतेकांचा प्रयोग इथेच फसतो.

या कोनाला परावर्तित किरण आणि काचेत शिरलेला किरण एकमेकांशी काटकोन करतात. प्रकाशाच्या विद्युतक्षेत्राने काचेतले इलेक्ट्रॉन थरथरतात आणि त्यातूनच परावर्तन होतं. मात्र इलेक्ट्रॉन ज्या रेषेत हलतो, त्या रेषेच्या दिशेने तो प्रकाश टाकत नाही. आपाती आणि परावर्तित किरणांच्या प्रतलात कंप पावणाऱ्या प्रकाशाची नेमकी तीच अडचण होते, कारण त्याने हलवलेले इलेक्ट्रॉन परावर्तित किरणाच्याच रेषेत हलत असतात. म्हणून तो सगळा काचेत शिरतो. उरतो तो आडवा कंप पावणारा प्रकाश. त्यातला जेमतेम १५ टक्के काचेच्या वरच्या पृष्ठभागावरून परततो आणि उभ्या अक्षाचा गॉगल तोही अडवतो. धातूवर मात्र परावर्तन असं पूर्ण विझत नाही, तेव्हा स्टीलच्या ताटावर प्रयत्न करू नये.

आता खरी गंमत. प्रतिबिंब विझलेलं असतानाच काच आणि आपला गॉगल यांच्यामध्ये दुसरा पोलराइज्ड गॉगल ४५ अंश तिरपा धरा. अडथळा वाढला, तरी प्रतिबिंब उजळतं! एत्येन मालुसचा नियम सांगतो, की भिंगातून जाणारी तीव्रता प्रकाशाच्या कंपाची दिशा आणि भिंगाचा अक्ष यांच्यामधल्या कोनाच्या कोसाइनच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ४५ अंशांना ती निम्मी. काचेवरून आलेला प्रकाश १०० धरला, तर तिरप्या भिंगातून ५० जातो. पण तो आता तिरपा कंप पावतो, म्हणून शेवटच्या उभ्या भिंगातून त्याचा अर्धा, म्हणजे २५ निघतो. भिंग नुसतं गाळत नाही, कंपाची दिशाही बदलतं. तिरपा गॉगल ३० अंशांवर धरला तर १०० चे २५ आणि त्याचे पुढे पाऊणपट, म्हणजे सुमारे १९ उरतात. प्रत्यक्षात भिंगांचा रंगही प्रकाश खातो, त्यामुळे आकडे याहून कमी येतील. तोच तिरपा गॉगल डोळ्यावरच्या गॉगलच्या अलीकडे, डोळ्याच्या बाजूला धरला, तर मात्र अंधार हटत नाही. प्रकाश आधीच अडलेला असतो.